फोटोवर पन्नास कमेंट्स आल्यात, आता सगळ्यांना वेगवेगळं थँक्यू कसं म्हणायचं?

मागच्या डिसेंबरात सोलापूरला मामेबहिणीची हळद होती आणि मी आजीची जुनी इरकल नेसले होते, गर्द जांभळी, लाल पदराची. कुणीतरी अंगणात उभं करून फोटो काढला, उजेड बरा पडला होता, टाकला इन्स्टाग्रामवर. माझं अकाउंट काही मोठं नाही, एरवी आठ-दहा कमेंट्स आल्या तरी खूप. त्या फोटोवर रात्रीपर्यंत ५३ आल्या. मी लग्नघरात, हातात मेंदी, एका अंगठ्याने फोन चालवतेय, तर मी काय केलं, "थँक्यू सो मच डिअर" आणि दोन बदाम हे एकदा टाइप केलं, कॉपी केलं आणि वरून खाली चिकटवत सुटले.

त्यात एक कमेंट माझ्या मावशीची होती. तिने लिहिलं होतं, "आईची साडी ना ही? बघून डोळे भरून आले." आणि त्याच्याखाली माझं उत्तर, थँक्यू सो मच डिअर, बदाम बदाम. मावशीला डिअर! दुसऱ्या दिवशी ती तोंडावर काही बोलली नाही, पण आईला म्हणाली की हिला वाचायलाही वेळ नसेल तर उत्तर तरी कशाला देते. मग ती चिकटवलेली उत्तरं पुसून मी नव्याने दिली, आणि तेव्हापासून मी जी पद्धत वापरते ती इथे लिहितेय. ज्यांनी नुकतं फोटो टाकायला सुरुवात केलीय आणि पहिल्यांदाच अशा ढीगभर कमेंट्स आल्यात त्यांच्यासाठी आहे, मोठ्या अकाउंटवाल्यांची गोष्ट वेगळी, हजार कमेंट्सना कुणीच उत्तरं देत नाही.

आधी एक शंका दूर करते. बऱ्याच जणांना वाटतं की रिप्लाय तर त्या त्या कमेंटखाली दडलेले असतात, कोण उघडून बघतंय. बघतात हो. तुम्ही रिप्लाय दिला की त्या माणसाला नोटिफिकेशन जातं, तो त्यावरून फोटोवर येतो, आपलं उत्तर वाचतो आणि मग सहज वर-खाली सरकवून बाकीच्यांना काय मिळालं तेही बघतो. आपलंच वाक्य वरच्या तिघांना आणि खालच्या चौघांना मिळालेलं दिसलं की मजा गेली. शिवाय एकच मजकूर पाठोपाठ खूप वेळा चिकटवला तर ॲपला तो स्पॅम वाटू शकतो आणि मग काही वेळ कमेंट करणंच बंद होतं. किती वेळा चिकटवलं की असं होतं याचा आकडा काही जाहीर नाही, त्यामुळे त्या वाटेला न गेलेलंच बरं.

पहिलं काम: उत्तर देऊ नका, फक्त वाचा

कमेंट आली की लगेच उत्तर द्यायचा मोह होतो, तो आवरा. दोन-तीन तास जाऊ द्या, मग निवांत बसून सगळ्या कमेंट्स एकदा वाचा आणि वाचता वाचता प्रत्येकीला नुसतं लाइक देत चला, कमेंटच्या बाजूला छोटा बदाम असतो तो. याने दोन गोष्टी होतात. एक तर समोरच्याला पोच मिळते की हिने बघितलंय, त्यामुळे उत्तर उद्या दिलं तरी चालतं. आणि दुसरं म्हणजे आपल्याला अंदाज येतो की कुठल्या प्रकारच्या किती आहेत.

माझ्या त्या ५३ मध्ये नंतर मोजलं तर सहा जणींनी काहीतरी विचारलं होतं (साडी कुठली, नथ कुठून घेतली, अंबाडा कुणी घातला). नऊ जणांनी फोटोतली एखादी नेमकी गोष्ट धरून किंवा एखादी आठवण काढून लिहिलं होतं. चोवीस जणांनी नुसतं विशेषण दिलं होतं, "सुंदर", "कडक", "एक नंबर", "लय भारी" वगैरे. आणि चौदा ठिकाणी फक्त इमोजी. कुठल्याही घरगुती फोटोवर साधारण हेच चित्र असतं, विशेषणं जास्त, नेमकं बोलणारे कमी. आणि खरी अडचण त्या विशेषणवाल्यांचीच असते, प्रश्नाला उत्तर काय द्यायचं ते प्रश्नच सांगतो.

मग ज्यांनी काही विचारलंय किंवा सांगितलंय ते

यांना सगळ्यात आधी घ्या, डोकं ताजं असतं तेव्हा. इथे वेगळं दिसण्यासाठी वेगळं काही करावंच लागत नाही, त्यांनी जे लिहिलंय त्यावर बोला की झालं. एकीने विचारलं होतं, "ताई पदर वेगळा जोडल्यासारखा दिसतोय, तसाच असतो का?" मी लिहिलं, "हो गं, इरकलीचा पदर वेगळ्या ताण्यावर असतो आणि अंगाच्या ताण्याला एकेक धागा गुंतवून जोडतात, जवळून बघितलंस तर जोड दिसतो. बरं दिसलं तुला!" यात थँक्यू कुठेच नाही आणि तरी तिला बरं वाटलं, कारण तिने जे बारकाईने बघितलं होतं त्याची दखल घेतली गेली. ही गोष्ट लक्षात ठेवा, आभार मानायला आभार हा शब्द लागतोच असं नाही.

मावशीची कमेंट मी शेवटी पुसून नव्याने उत्तर दिलं, म्हणजे माझा रिप्लाय पुसला, तिची कमेंट नाही. लिहिलं, "हो मावशी, आजीचीच. घडी मोडली तेव्हा अजून डांबरगोळ्यांचा वास होता. पुढच्या वेळी तू नेस, मी फोटो काढते." मावशीने त्यावर नुसता एक हसरा चेहरा टाकला, पण आईकडे परत तक्रार गेली नाही.

एकच प्रश्न पाच जणींनी विचारला असेल, उदाहरणार्थ साडी कुठून घेतली, तर पाच वेळा तेच सविस्तर लिहू नका. पहिलीला नीट उत्तर द्या, बाकीच्यांना "वर एकीला सांगितलंय बघ, आजीची आहे, दुकान नाही सांगता येणार गं" असं थोडक्यात. किंवा मग उत्तराची एक वेगळी कमेंट करून ती सगळ्यात वर पिन करून टाका.

आता ती चोवीस विशेषणं

"सुंदर" या एका शब्दाला चोवीस प्रकारे थँक्यू म्हणायचं तर डोकं चालत नाही. म्हणून लोक गुगलवर शोधून आभाराच्या वाक्यांची यादी काढतात आणि एकेक चिकटवतात. माझ्या मते हा उपाय कॉपी-पेस्टपेक्षा वाईट, कारण त्या याद्यांमधली वाक्यं अशी असतात, "आपल्या प्रेमळ शब्दांबद्दल मनःपूर्वक आभार". हे चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शोभतं. शेजारच्या वहिनींना असं लिहिलं तर त्या विचारतील, निवडणुकीला उभी राहतेयस का.

वेगळेपण आपल्या शब्दांत शोधू नका, समोरच्या माणसात शोधा. प्रत्येक उत्तराच्या वेळी स्वतःला एवढंच विचारायचं: हा माणूस कोण, आणि याने कुठला शब्द वापरला? यातून काहीतरी हाताला लागतंच. म्हणजे कसं, ते माझ्याच फोटोवरच्या काही कमेंट्स घेऊन दाखवते.

कॉलेजच्या मित्राने लिहिलं, "विषय हार्ड". त्याला उत्तर: "हार्ड तर साडी नेसणं होतं, पाऊण तास लागला 😄". त्याचाच शब्द उचलला, पुढे ढकलला, झालं काम.

ऑफिसमधल्या सीनियर मॅडम, "Beautiful!" त्यांना: "थँक्यू मॅडम! सोमवारी डबा भरून लग्नाचे लाडू आणते." इथे थँक्यू हवंच, नात्यात थोडं अंतर आहे, पण मागे एक खरी गोष्ट जोडली.

चुलत वहिनी, "छान दिसतेस गं". त्यांना: "वहिनी, ब्लाउज तुम्हीच शिवून दिलेला बरं का, विसरलात का?" (खरंच त्यांनी दिला होता. नसेल दिला तर असलं काही रचू नका, लगेच पकडतात.)

गावाकडचा भाऊ, "लय भारी ताई". त्याला: "तू असायला हवा होतास रे, जेवणात शेंगाची चटणी होती." माणूस कोण हे माहीत असल्यावर किती सोपं जातं बघा.

अनोळखी फॉलोअर, "अप्रतिम". इथे मात्र धरायला काहीच नाही, ना नातं ना नेमका शब्द. मग साधं "धन्यवाद!" पुरे. ओढूनताणून काही जोडायला जाऊ नका, अनोळखी माणसालाही ते नको असतं.

म्हणजे उत्तराचे तसे तीनच तुकडे आहेत, हाक (ताई, अरे, काकू), आभार, आणि एखादी खरी गोष्ट. प्रत्येक वेळी तिन्ही लागत नाहीत. एकात हाक आणि गोष्ट, दुसऱ्यात नुसते आभार, तिसऱ्यात गोष्ट आधी आणि "थँक्स यार" शेवटी. नुसती जागा बदलली तरी पुष्कळ फरक पडतो. सगळी उत्तरं थँक्यूनेच सुरू होत असतील तर पुढे काहीही लिहा, वाचणाऱ्याला ती एकाच साच्यातली दिसणार.

कुणाला थँक्यू म्हणायचं नाही

याबद्दल जरा जास्त लिहिते कारण नवीन लोक इथेच चुकतात. आपल्याकडे अगदी जवळच्या माणसाला आभार म्हणणं म्हणजे त्याला परकं करणं. आत्याने वाटीभर भाजी आणून दिली तर आपण तिला "धन्यवाद आत्या" म्हणत नाही, "अय्या, कशाला गं केलंस" म्हणतो किंवा लगेच झाकण उघडून वास घेतो. कमेंटचंही तसंच. सख्ख्या मैत्रिणीने "मस्तच गं" लिहिलं आणि तुम्ही "खूप खूप धन्यवाद" लिहिलंत तर ती हमखास विचारणार, भांडलीस का माझ्याशी. तिला "तू नव्हतीस ना, निऱ्या बघ कशा आल्यात" असं काहीतरी लिहा.

उलट वयाने मोठ्या, पण तेवढ्या जवळच्या नसलेल्या माणसांना, म्हणजे सोसायटीतले काका, शाळेतल्या बाई, नवऱ्याच्या ऑफिसातले कुणी, त्यांना शब्दात आभार हवेतच, आणि तेही थँक्सपेक्षा "धन्यवाद काका" जास्त बरं दिसतं. माझ्या शाळेतल्या बाईंनी "खूप गोड" लिहिलं होतं, त्यांना मी "बाई, नमस्कार! तुम्ही बघितलात याचाच आनंद झाला" एवढंच लिहिलं. थँक्यू, थँक्स, थँक्यू गं, धन्यवाद, आभारी आहे, हे सगळे एकच नव्हेत. थँक्स बरोबरीच्यांना, थँक्यू कुणालाही चालतं, धन्यवाद थोडं मानाचं, आणि "आभारी आहे" मी फक्त अनोळखी किंवा कामाच्या ओळखीच्या माणसांसाठी ठेवते. एवढे चार-पाच शब्द जागच्या जागी वापरले तरी अर्धं वेगळेपण आपोआप येतं.

आणि तू-तुम्ही सांभाळा. घाईघाईत उत्तरं देताना मैत्रिणीच्या लयीत पुढच्या काकूंनाही "थँक्यू गं" जातं. नुसत्या युजरनेमवरून बाई की पुरुष तेही कधी कळत नाही, फुलाचा डीपी असलेल्या अकाउंटला मी "थँक्यू गं ताई" लिहिलं आणि ते निघाले एक रिटायर्ड गृहस्थ. त्यांनी सभ्यपणे लिहिलं, "ताई नाही, आजोबा". तर शंका असेल तेव्हा गं-रे, ताई-दादा सगळं गाळा आणि नुसतं "धन्यवाद 🙏" लिहा, किंवा आधी त्यांचं प्रोफाइल उघडून बघा, दहा सेकंद लागतात.

इमोजीवाले, आणि ज्यांना उत्तर द्यायचंच नाही ते

नुसता फायर किंवा बदाम टाकणाऱ्याला वाक्य लिहायची गरज नाही. त्याने जेवढे कष्ट घेतले तेवढेच आपण घ्यावेत, लाइक पुरे. त्यातलं कुणी जवळचं असेल तर एक इमोजी उलट. फक्त त्यांचाच इमोजी परत पाठवू नका, थोडा बदला, तीन आगींना तीन आगी म्हणजे आरशासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं. माझ्या चौदापैकी अकरा जणांना नुसतं लाइक दिलं, कुणाचंही काही बिघडलं नाही.

मग काही कमेंट्स अशा असतात की कौतुक आहे पण वाचून कसंतरी होतं, अनोळखी माणूस अंगाबद्दल काहीतरी बोलतो, किंवा "हाय डिअर इनबॉक्स चेक करा". याला थँक्यूही नको आणि लाइकही नको, उत्तर दिलं की तो पुढचं बोलायला मोकळा होतो. पुसून टाका, पुन्हा आला तर रिस्ट्रिक्ट करा, म्हणजे त्याची पुढची कमेंट तुम्ही मंजूर केल्याशिवाय इतरांना दिसत नाही आणि त्याला तसं कळवलंही जात नाही. "सगळ्यांना उत्तर दिलं पाहिजे" या नियमात ही माणसं बसत नाहीत.

किती एका बैठकीत

मी एका वेळी दहा-बारा उत्तरं देते, मग फोन ठेवते. त्याच्या पुढे गेलं की बोटं आपोआप तेच लिहायला लागतात, आणि कीबोर्डही तसाच लबाड, "थ" टाइप केलं की "थँक्यू सो मच" वर तयार ठेवतो, आपण दाबतो. चोवीस विशेषणं म्हणजे दोन बैठका, एक रात्री जेवणानंतर, एक सकाळी चहाबरोबर. सकाळच्या उत्तरांचा सूर रात्रीपेक्षा वेगळा येतो, तोही फायद्याचाच. सरळ ओळीने जाऊ नका असंही सांगेन, एक मैत्रीण, एक काकू, एक अनोळखी असं उड्या मारत गेलात तर हाक बदलते आणि हाकेबरोबर वाक्यही बदलतं.

काहीजणी फोनमध्ये शॉर्टकट करून ठेवतात, "टय" टाइप केलं की पूर्ण वाक्य उमटतं. ते पत्ता किंवा युपीआय आयडीसाठी ठीक, इथे नको.

झालं की एक तपासणी करा. सगळे रिप्लाय उघडा आणि लोकांच्या कमेंट्स न वाचता फक्त स्वतःची उत्तरं वरून खाली मोठ्याने वाचा. कान लगेच सांगतो. मी हे केलं तेव्हा लक्षात आलं की सात ठिकाणी शेवटी तोच डोळ्यांत बदाम असलेला चेहरा होता, वाक्यं वेगळी पण शेपूट एकच. आणि पाच ठिकाणी "बरं का". ती माझी सवय आहे, बोलतानाही येते, पण पाच म्हणजे जास्त. तीन उत्तरं बदलली. इन्स्टाग्रामवर मी सरळ पुसून नवीन लिहिते, फेसबुकवर एडिट करता येतं, मात्र जुनं उत्तर बघता येतं तिथे, त्यामुळे उगाच दहा वेळा खोडाखोड करू नका. सगळीच्या सगळी उत्तरं वेगळी असली पाहिजेत असा काही नियम नाही. तेच "धन्यवाद!" चार ठिकाणी आलं तरी चालतं, लागोपाठ नको एवढंच.

अजून एक साचा असतो जो लवकर ओळखू येत नाही, उलटं कौतुक. कुणी "सुंदर दिसतेस" म्हटलं की "तूपण खूप सुंदर आहेस" असं प्रत्येकीला लिहायचं. पहिल्या दोघींना ते गोड वाटतं, सहावीला कळतं की ही सगळ्यांनाच म्हणतेय. खरंच काही आठवत असेल तरच लिहा, "तुझी ती मोरपंखी पैठणी अजून डोळ्यांसमोर आहे" असं, म्हणजे ते तिचंच होतं, दुसऱ्या कुणाला चिकटवताच येत नाही.

एकत्र आभार मानायचेच असतील, म्हणजे कमेंट्स फारच झाल्या आणि वेळच नाही, तर खोटं खोटं प्रत्येकाखाली चिकटवण्यापेक्षा एकच कमेंट लिहा आणि पिन करा. मी एकदा असं लिहिलं होतं, "सगळ्यांच्या कमेंट्स वाचल्या, आजीला पण वाचून दाखवल्या, ती म्हणतेय साडी धुवायला मशीनमध्ये टाकू नकोस. उत्तरं हळूहळू देते." मग खरंच दोन दिवसांत जमतील तशी दिली. न देता नुसतं "हळूहळू देते" लिहून ठेवलं तर लोक लक्षात ठेवतात हो.

उशिरा येणाऱ्या कमेंट्स विसरू नका. त्या फोटोवर तीन आठवड्यांनी एका बाईंची कमेंट आली, "माझ्या सासूबाईंकडे अशीच होती, कुणाला दिली ते आठवत नाही." तोवर माझ्या डोक्यातून तो फोटो गेलेला, पण तिला नीट उत्तर दिलं, विचारलं की रंग कुठला होता. तिने लिहिलं डाळिंबी. आता आजीच्या ट्रंकेत तळाला एक डाळिंबी आहे, पुढच्या महिन्यात डोहाळेजेवण आहे, तेव्हा ती काढणार आहे.